‘हो मॅडम, बरोबर आहे’ : आपल्याच कामाच्या जागेवर संशोधन करताना मेंबर चेकिंग आणि पोझिशनॅलिटी म्हणजे नेमकं काय?

हल्ली नोकरी करता करता एमएड, एमएसडब्ल्यू, नर्सिंगची मास्टर्स नाहीतर थेट पीएचडी करणाऱ्या बऱ्याच जणी आपल्याच शाळेवर, आपल्याच वॉर्डवर, आपल्याच वस्तीवर विषय घेतात. साहजिक आहे, सुट्टी मिळत नाही, बाहेर परवानग्या मिळत नाहीत आणि खरं सांगायचं तर तिथलाच प्रश्न आपल्याला रोज टोचत असतो. मग पहिला ड्राफ्ट गाइडकडे जातो आणि समासात दोन शेरे येतात, ‘मेंबर चेकिंग?’ आणि ‘युअर पोझिशनॅलिटी?’ आणि पुढे काहीच नाही, नुसतं प्रश्नचिन्ह. मला पण हेच आले होते. मी दोन्हीला दोन-दोन ओळी लिहून मोकळी झाले, आणि नंतर कळलं की माझ्या अख्ख्या अभ्यासाचं दुखणं त्या चार ओळींतच लपलं होतं.

म्हणून माझंच उदाहरण घेऊन सांगते. मी नर्स आहे, एका वॉर्डात बरीच वर्षं स्टाफ म्हणून काढली आणि नंतर तिथलीच इनचार्ज झाले. माझा विषय होता हँडओव्हर, म्हणजे एक शिफ्ट संपताना पुढच्या शिफ्टला पेशंटची माहिती कशी दिली जाते. 12 जणींच्या मुलाखती घेतल्या, त्यातल्या 8 जणी तेव्हा माझ्याच हाताखाली होत्या आणि 4 जणी आधी आमच्याकडे होत्या पण आता दुसऱ्या वॉर्डात बदलून गेलेल्या. हा 8 आणि 4 चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ

समजा ऑफिसातल्या सगळ्यांचा तुम्ही ग्रुप फोटो काढला आणि कुठे लावायच्या आधी सगळ्यांना दाखवला, ‘बघा, ठीक आलाय का?’ हे झालं मेंबर चेकिंग. संशोधनात फोटोच्या जागी मुलाखतीचा लिहून काढलेला मजकूर असतो, किंवा त्यावरून तुम्ही काढलेला अर्थ. तो ज्यांनी माहिती दिली त्यांच्याकडे परत न्यायचा आणि विचारायचं की तुमचं म्हणणं यात नीट उतरलंय का.

आता त्याच फोटोत फोटो काढणारी स्वतः दिसत नाही. पण सगळ्यांचे डोळे तिच्याकडेच असतात ना! साहेबाने फोटो काढला तर सगळे ताठ उभे राहतात, मैत्रिणीने काढला तर कोणीतरी जीभ बाहेर काढतं. ती कोण होती, कुठे उभी होती आणि त्यामुळे फोटोत काय आलं काय सुटलं, हे सांगणं म्हणजे पोझिशनॅलिटी. मराठीत कोणी ‘संशोधकाचं स्थान’ म्हणतं, काही हरकत नाही, मी आपली बोलण्यातला शब्दच वापरते.

गंमत अशी की पुस्तकात ही दोन प्रकरणं वेगवेगळी असतात, आणि आतल्या माणसासाठी ती एकच असतात. फोटो ठीक आलाय का असं साहेबाने विचारल्यावर ‘छान आलाय सर’ हेच उत्तर येणार, आणि त्या उत्तरावरून फोटोबद्दल काहीच कळत नाही, साहेबाबद्दल कळतं.

पहिली फेरी : मजकूर पाठवला आणि सगळ्यांना आवडला

यव्होना लिंकन आणि इगॉन गुबा या दोघांनी 1985 मध्ये मांडलं की गुणात्मक संशोधनात विश्वासार्हतेसाठी मेंबर चेक ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. गुणात्मक म्हणजे आकडेमोडीपेक्षा लोकांच्या बोलण्यावर, अनुभवावर उभं असलेलं संशोधन. तेव्हापासून ते प्रत्येक मेथडच्या चॅप्टरमध्ये जाऊन बसलंय आणि बरेच जण त्याचा सगळ्यात सोपा प्रकार करतात, मुलाखत टाइप करायची आणि जशीच्या तशी पाठवायची. मीही तेच केलं. प्रत्येकीला 10 ते 14 पानं.

12 पैकी 9 जणींचं उत्तर आलं, ‘ठीक आहे मॅडम’, ‘ओके मॅडम’, एकीचा नुसता अंगठा. दोघींनी दुरुस्त्या पाठवल्या. एकीने काहीच कळवलं नाही. मी खूश, थिसिसमध्ये लिहून टाकलं की सहभागींनी मजकुराला दुजोरा दिला.

मग एका रात्री निवांत बसून वेळा बघितल्या. 14 पानांचा मजकूर पाठवल्यापासून 6 मिनिटांत ‘ठीक आहे मॅडम’ आलेलं होतं, तेही ड्युटी चालू असताना. सहा मिनिटांत चौदा पानं कोणी वाचत नाही हो. आणि ज्या दोघींनी दुरुस्त्या पाठवल्या होत्या त्या दोघीही त्या 4 मधल्या, म्हणजे बदलून गेलेल्या. माझ्या हाताखालच्या 8 जणींपैकी 7 जणी ‘ठीक’ आणि एक गप्प. एकीनेही एक शब्द बदलायला सांगितला नाही.

बरं, त्या दोन दुरुस्त्याही कसल्या होत्या तर भाषेच्या. आपलं बोलणं टाइप केलेलं वाचताना माणूस दचकतो, ‘मी असं तुटक तुटक बोलते?’ असं होतं, मग वाक्यं सरळ करतो, शिवी काढतो, ‘ती बया’ चं ‘त्या सिस्टर’ करतो. ग्रुप फोटोत प्रत्येक जण आपलाच चेहरा बघतो, फोटोत सगळी माणसं नीट आली का हे कोणी बघत नाही, तसं. टाइप केलेला मजकूर परत पाठवून फार तर ऐकण्यातली चूक सापडते, एखाद्या औषधाचं नाव, एखादी तारीख. मी त्यातून काय अर्थ काढला ते बरोबर की चूक, हे त्यांना कळणारच कसं, अर्थ मी अजून दाखवलेलाच नव्हता!

‘तुम्हाला तर माहितीच आहे’

आतल्या माणसाला एक वेगळाच रोग असतो. रेकॉर्डिंग पुन्हा ऐकताना माझ्या लक्षात आलं की दर दोन मिनिटाला कोणीतरी म्हणतंय ‘तुम्हाला तर माहितीच आहे मॅडम’ आणि मी म्हणतेय ‘हो हो’. मग मोजलंच. 12 मुलाखतींत 71 वेळा. त्यातल्या फक्त 9 वेळा मी पुढे विचारलं होतं की म्हणजे काय. उरलेल्या 62 जागी माहितीऐवजी माझी आणि तिची मान हलवणं आहे, आणि मान हलवलेली टाइप होत नाही.

उदाहरणार्थ ‘जड पेशंट’. सगळ्या जणी म्हणत होत्या की जड पेशंट असेल तर हँडओव्हर वेगळं होतं. मी गृहीत धरलं की जड म्हणजे ज्याचं काम जास्त, सारखं बघावं लागणारं. नंतर परत जाऊन विचारलं तर तीन अर्थ निघाले. काहींसाठी जास्त कामाचा, काहींसाठी ज्याचे नातेवाईक भांडतात तो, आणि दोघींसाठी ज्याची फाइल उद्या पोलिसात किंवा कोर्टात जाऊ शकते तो. बाहेरची संशोधक असती तर पहिल्याच मुलाखतीत बावळटासारखं विचारून बसली असती, ‘जड म्हणजे वजनाने?’ आणि हसता हसता सगळं कळलं असतं तिला.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी 1972 मध्ये आतले आणि बाहेरचे यावर लिहिलं, आणि फक्त आतल्यालाच खरं कळतं किंवा फक्त बाहेरच्यालाच तटस्थपणे दिसतं हे दोन्ही दावे तपासून पाहिले. शिवाय माणूस एकाच वेळी अनेक गटांत असतो, काहींत आतला तर काहींत बाहेरचा. माझंच बघा, मी नर्स म्हणून आतली आणि ड्युटी लावणारी म्हणून बाहेरची. ज्या दिवशी इनचार्ज झाले त्या दिवसापासून मी ‘ताई’ ची ‘मॅडम’ झाले होते, मला वाटत होतं की मी अजून ताईच आहे. हे 62 खड्डे भरायला मी ज्या छोट्या छोट्या गप्पा मारायला परत गेले ना, माझ्या मते माझ्या अख्ख्या अभ्यासातलं सगळ्यात कामाचं मेंबर चेकिंग तेच होतं, पण फॉर्मॅटमध्ये त्याला रकाना नव्हता.

दुसरी फेरी : एक पान, तीन निष्कर्ष, उलटा प्रश्न

मग पद्धत बदलली. पूर्ण मजकूर पाठवणं बंद. सगळ्या मुलाखतींतून निघालेले तीन निष्कर्ष साध्या भाषेत एका पानावर लिहिले, प्रत्येकाखाली एखाद-दुसरं वाक्य मुलाखतीतलं, आणि रिकामी जागा. ‘बरोबर आहे ना?’ हा प्रश्न काढून टाकला कारण त्याचं उत्तर प्रश्नातच असतं. त्याऐवजी विचारलं, ‘यातलं काय तुमच्या अनुभवाशी जुळत नाही? काय राहून गेलंय?’ एका निष्कर्षाला तर मी मुद्दाम दोन वेगळे अर्थ लिहिले आणि विचारलं की तुम्हाला कुठला जवळचा वाटतो आणि का. नुसतं ‘ओके’ लिहून सुटका नाही असा हा प्रश्न असतो, निदान एक तरी निवडावं लागतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कागद माझ्या हातात द्यायचा नाही. ज्या बाईंचा आमच्या ड्युट्यांशी, रजांशी, रिपोर्टशी काही संबंध नाही अशा दुसऱ्या डिपार्टमेंटच्या एका बाईंनी ते बंद पाकिटात गोळा केले. उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही हेही पानावर वर लिहिलं. या वेळी 10 उत्तरं आली आणि 6 जणींनी ‘ठीक आहे’ च्या पुढे काहीतरी लिहिलं होतं. चमत्कार नाही, पण पहिल्या फेरीत त्या 8 जणींकडून एक शब्द आला नव्हता.

पटलं नाही तर काय करायचं?

इथे खरी परीक्षा आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

माझा दुसरा निष्कर्ष असा होता की पेशंटच्या कॉटपाशी फॉर्म भरून जे हँडओव्हर होतं ते एक, आणि लॉकर रूममध्ये कपडे बदलताना दोन मिनिटांत जे होतं ते दुसरं, आणि काही गोष्टी फक्त दुसरीकडेच सांगितल्या जातात. मी त्याला नाव दिलं होतं ‘लपवलेलं हँडओव्हर’. पाकिटातून एका सीनियर सिस्टरचं उत्तर आलं (सही नव्हती पण अक्षर मला ओळखू येतं, हाही आतल्या माणसाचा प्रॉब्लेम, पाकिटाने तो सुटत नाही), ‘आम्ही लपवत नाही. सांभाळून घेतो.’

दोन वाटा होत्या. तिचं ऐकून नाव बदलून टाकायचं, कारण तिचा अनुभव तिचाच. नाहीतर म्हणायचं की ती स्वतःची बाजू सावरतेय. मला दोन्ही आळशीपणा वाटला. मी परत मुलाखतींकडे गेले. लॉकर रूमचा विषय 12 पैकी 7 मुलाखतींत आला होता. त्यातल्या 5 ठिकाणी गोष्ट अशी होती की नवीन मुलीच्या हातून काहीतरी छोटं चुकलं, म्हणजे सलाईन ठरल्यापेक्षा जोरात चालू राहिलं, सीनियरने बघून वेग नीट केला, डॉक्टरना सांगितलं, पण फॉर्मवर त्या मुलीचं नाव येऊ दिलं नाही आणि पुढच्या शिफ्टला तोंडी सांगितलं की या पेशंटवर लक्ष ठेव. उरलेल्या 2 ठिकाणी मात्र स्वतःचाच डोस उशिरा गेला होता आणि तो अंगावर येऊ नये म्हणून कागदावर वेळ लिहिली नव्हती.

म्हणजे तिचं बरोबर होतं, पण पूर्ण नाही. मी एका निष्कर्षाचे दोन केले, एक ‘सांभाळून घेणं’ आणि दुसरा ‘अंगावर येऊ नये म्हणून न लिहिणं’. तिच्या आक्षेपामुळे मला माझाच डेटा परत उघडावा लागला आणि त्यात जे निघालं ते तिच्या किंवा माझ्या म्हणण्यापेक्षा जास्त बारीक होतं. ‘लपवलेलं’ हा शब्द कुठून आला होता ते पण कळलं, तो इनचार्जचा शब्द होता. फॉर्म तपासणं माझं काम आहे, मला फॉर्मवर नसलेलं सगळं लपवलेलंच दिसतं.

तेव्हापासून माझा हिशेब साधा आहे. तारीख, जागा, क्रम असं काही चुकलं असेल तर दुरुस्त करायचं, वाद नाही. कोणी म्हणालं की माझं हे वाक्य काढा, तर काढायचं, कारण विचारायचं नाही, फक्त कुठल्या तारखेपर्यंत काढता येईल हे संमतीच्या फॉर्ममध्येच सांगून ठेवायचं. आणि अर्थच पटला नाही तर डेटाकडे परत जायचं, आणि तरीही जमलं नाही तर दोन्ही म्हणणी थिसिसमध्ये ठेवायची, तिचं आणि माझं. या सगळ्याची एक वही ठेवायची, कोणाला काय दाखवलं, कधी, काय उत्तर आलं, मी काय बदललं किंवा का नाही बदललं. व्हायव्हाला ती वही फार कामाला येते.

टोपणनाव दिलं की झालं?

बाहेरच्या वाचकासाठी झालं. वॉर्डातल्या वाचकासाठी नाही. मार्टिन टोलिच यांनी 2004 मध्ये याला अंतर्गत गोपनीयता म्हटलं आणि हिमनगाची उपमा दिली. बाहेरच्या माणसाला सहभागी ओळखू येऊ नये हे पाण्याच्या वरचं टोक आहे, सगळ्यांना दिसतं, त्याची काळजी एथिक्स कमिटीही घेते. पण सहभागींनी एकमेकांना ओळखू नये हा भाग पाण्याखाली असतो, आणि होड्या त्यालाच आपटतात.

माझ्या ड्राफ्टमध्ये एक वाक्य होतं, लाइट गेलेल्या रात्रीबद्दल. नाव बदललेलं, वय काढलेलं. पण त्या रात्री ड्युटीवर कोण होतं हे वॉर्डात प्रत्येकीला पाठ आहे! ते पान मी 12 जणींना वाटलं असतं तर मेंबर चेकिंगच्या नावाखाली मीच तिला उघडं पाडलं असतं. म्हणून काही जण सुचवतात ती ग्रुपमध्ये बसून निष्कर्षांवर चर्चा करायची पद्धत आतल्या माणसाने फार जपून वापरावी, मी तर टाळलीच. मी प्रत्येक वाक्याला एक चाचणी लावली, शेजारच्या टेबलावरची बाई हे कोणाचं ते सांगू शकेल का? सांगू शकत असेल तर ते वाक्य आधी फक्त तिलाच दाखवायचं, आजूबाजूच्या माझ्या लिखाणासकट, आणि विचारायचं की ठेवू का. लाइटवालं वाक्य ती म्हणाली काढा, काढलं, मुद्दा माझ्या शब्दांत सामान्य करून लिहिला, थोडा फिका झाला.

आणि एक, जे संमती घेताना मला सुचलं नव्हतं. मी इनचार्ज आहे, पेशंटला धोका होईल असं काही मला मुलाखतीत कळलं तर गप्प बसणं माझ्या कामात बसत नाही. मग गोपनीयतेचं वचन कुठे संपतं हे मुलाखतीच्या आधी सांगायला हवं, नंतर नाही. मी ते सहाव्या मुलाखतीपासून सांगायला लागले, पहिल्या पाच जणींना परत जाऊन सांगावं लागलं, आणि ते बोलणं अवघड झालं दोन्हीकडून.

मग पोझिशनॅलिटीत लिहायचं काय?

बहुतेक थिसिसमध्ये असा परिच्छेद असतो : ‘संशोधिका त्याच संस्थेत कार्यरत असल्याने पूर्वग्रहाची शक्यता आहे, तो टाळण्याचा प्रयत्न केला आहे.’ मीही हेच लिहिलं होतं. यातून वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही. वय, लिंग, जात, पद यांची नुसती यादी दिली तरी तेच, त्या यादीने डेटाचं काय केलं ते कुठेय?

आता माझा बदललेला परिच्छेद बघा. ‘12 पैकी 8 जणींची ड्युटी मी लावते. या 8 मुलाखतींत ड्युटी लावण्याबद्दल एकही तक्रार नाही. बदलून गेलेल्या 4 जणींपैकी 3 जणींनी ती केली. त्यामुळे ड्युटी आणि हँडओव्हर यांच्या संबंधाबद्दल या अभ्यासातलं मौन हे समाधान समजू नये. पहिल्या फेरीत या 8 जणींकडून एकही दुरुस्ती आली नाही, तेही याच अर्थाने वाचावं.’ इथे माझं स्थान एक पुरावा झालं, आणि 8 आणि 4 अशी विभागणी नुसती योगायोगाने हाताशी होती म्हणून ते दिसलं. तुम्ही मुद्दाम तशी सोय करू शकता, तुमच्या हाताखालचे, बरोबरीचे, सोडून गेलेले असे निरनिराळ्या अंतरावरचे लोक घेऊन.

हे आधीच लिहायला सुरुवात करा, मुलाखत संपली की त्याच दिवशी पाच ओळी, ती मला काय म्हणून हाक मारत होती, कुठे बसलो, कुठल्या प्रश्नाला तिने दाराकडे बघितलं. शेवटी आठवून लिहिलेली पोझिशनॅलिटी फार गुळगुळीत होते.

‘एवढी भानगड असेल तर बाहेरच्यानेच करावं ना’

हा आक्षेप माझ्या घरातूनही आला. बाहेरच्या संशोधिकेला लॉकर रूमबद्दल कळलंच असतं का हो? ती कॉटपाशी फॉर्म घेऊन उभी राहिली असती आणि हँडओव्हर उत्तम चालतं असं लिहून गेली असती. आत असल्याने मला कुठे बघायचं ते कळलं, आणि आत असल्यानेच काही गोष्टी मला दिसल्याही नाहीत. बाहेरचीलाही स्वतःचं स्थान असतंच, ते तिने सांगायला लागतं एवढंच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, की मेंबर चेकिंग करूच नये. जॅनिस मॉर्स यांच्यासारख्या अभ्यासकांचं म्हणणं आहे की 12 जणींच्या बोलण्यातून वर काढलेला अर्थ एकटीने ओळखावा ही अपेक्षाच चुकीची. मला हे अर्धं पटतं. मंजुरीचा शिक्का म्हणून त्याला काही किंमत नाही, आणि ‘सहभागींनी दुजोरा दिला’ हे वाक्य मी आता कुणाच्या थिसिसमध्ये वाचलं की आधी विचारते, किती मिनिटांत? पण आणखी थोडा डेटा मिळवायची जागा म्हणून मला ते हवं आहे, सीनियर सिस्टरच्या त्या दोन वाक्यांसाठी तरी.

आणि ती गप्प राहिलेली? पहिल्या फेरीत उत्तर नाही, दुसऱ्या फेरीत पाकीट नाही. नंतर एकदा लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो तेव्हा ती स्वतःहून म्हणाली, ‘तुमचा तो तिसरा मुद्दा आहे ना, तो अर्धाच आहे,’ आणि राहिलेला अर्धा सांगितला. मी विचारलं, हे लिहू का? ती म्हणाली, नको मॅडम. वहीत तिच्या नावापुढे मी लिहिलं, ‘दोन्ही फेऱ्या, उत्तर नाही’.